जमीन तापते मे महिन्यात, मग पाऊस जुलैत का?

हे आपल्या या भागाचं लिहिलेलं रूप. लोकलच्या गर्दीत इयरफोन लावूनही ज्यांना काही ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी. बोलताना जे "म्हणजे... म्हणजे" झालं ते काढून टाकलंय, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

आज विषय मान्सून. पण पाऊस नाही, वारा. मान्सून हे मुळात पावसाचं नाव नाहीच. अरबी भाषेतला 'मौसिम' म्हणजे ऋतू, आणि अरबी समुद्रात गलबतं हाकणाऱ्यांसाठी तो शब्द ऋतूनुसार दिशा बदलणाऱ्या वाऱ्यांचा होता. सहा महिने इकडून, सहा महिने तिकडून. पाऊस हा त्या वाऱ्याने आणलेला माल.

आता मी भूगोलाचा माणूस नाही. इंजिनिअरिंग केलं, दिवसभर कोड लिहितो. माझं या विषयाशी नातं जडलं ते आजीच्या पापडांमुळे.

आमचं घर लालबागला, चाळीत. मे महिन्यात आजी गच्चीवर वाळवण घालते. पापड, कुरडया, सांडगे. चादर उडू नये म्हणून तिच्या कडांवर दगड ठेवायचे, हे काम लहानपणापासून माझं. आणि आजीची सूचना ठरलेली: "सकाळी शिवडीच्या बाजूला ठेव, दुपारी वरळीच्या बाजूला." कारण मे महिन्यात पहाटेचा वारा पूर्वेकडून, म्हणजे शिवडीकडून येतो, आणि अकरा-बारा वाजले की फिरतो आणि पश्चिमेकडून, म्हणजे वरळीच्या समुद्राकडून यायला लागतो. रोज असं. मग एक दिवस असा यायचा की पहाटे पाचलासुद्धा वारा वरळीकडूनच. आजी म्हणायची, "आज वारा परतलाच नाही. गुंडाळा." पाऊस यायला अजून दोन-चार दिवस असायचे, पण वाळवण त्या दिवशी बंद.

आजीने हवामानशास्त्राचं एक पान वाचलेलं नाही. पण ती जे बघत होती ते अगदी मुद्द्याचं होतं. रोजच्या रोज दिशा बदलणारा वारा आणि दिशा न बदलता चोवीस तास वाहणारा वारा यांतला फरक. तो पकडला की अर्धा मान्सून समजला.

आधी रोजचा वारा घेऊ. शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलंय, खारे वारे आणि मतलई वारे. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई. कारण काय? जमीन लवकर तापते, लवकर थंड होते. पाणी उशिरा तापतं, उशिरा थंड होतं. दोन मार्क.

गिरगाव चौपाटीवर एप्रिलमध्ये दुपारी दोनला चपला काढून उभे राहा, म्हणजे हे पायांना कळेल. वाळू चटका देते आणि चार पावलांवर पाणी गार. ऊन तर दोघांवर एकच पडतंय. मग फरक कुठून?

पुस्तकात उत्तर असतं 'विशिष्ट उष्मा'. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४,२०० ज्यूल लागतात, एक किलो कोरड्या वाळूला साधारण ८००. म्हणजे पाचपट फरक. हे बरोबर आहे, पण खरं मोठं कारण हे नाही. खरं कारण आहे खोली. उन्हाची उष्णता मातीत दिवसभरात काही सेंटिमीटरच खाली उतरते. चौपाटीवर वीतभर वाळू उकरा, खाली गारवा लागेल. समुद्रात मात्र प्रकाश काही मीटर आत जातो, आणि वरून वारा आणि लाटा ते पाणी सतत ढवळत असतात. त्यामुळे समुद्राचा वरचा तीस-चाळीस-पन्नास मीटरचा थर एकत्रच तापतो. चहाच्या पातेल्यात कोणीतरी अखंड चमचा फिरवतंय असं समजा.

याचा हिशोब करून बघू, कारण पुढचं सगळं याच आकड्यावर उभं आहे. समजा उन्हाळ्यात येणारी आणि जाणारी उष्णता वजा करून दर चौरस मीटरला १०० वॅट शिल्लक राहतात. एका महिन्यात किती झाले? साधारण २६ कोटी ज्यूल. आता समुद्राचा एक चौरस मीटरचा, ५० मीटर खोल खांब घ्या. त्यात ५० टन पाणी. ते एक अंशाने तापवायला २१ कोटी ज्यूल लागतात. म्हणजे महिनाभर ही शिल्लक ओतली तरी समुद्र तापणार जेमतेम सव्वा अंश.

तेवढीच उष्णता जमिनीच्या एक मीटर जाडीच्या थरात कोंडून ठेवायची म्हटली, तर? तिथे दीड टन माती. हिशोब येतो १७० अंशांच्या वर. असं होत नाही हे उघड आहे. नागपूर मे महिन्यात कितीही तापलं तरी वितळत नाही. आणि तो अशक्य आकडाच आपल्याला सांगतो की जमीन उष्णता साठवूच शकत नाही. आली की पुढे ढकलते, आणि ढकलते कुणाकडे, तर वरच्या हवेकडे. समुद्र उष्णता पोटात ठेवतो, जमीन ती हवेला देऊन टाकते.

आता दुसरी पायरी. इथे बहुतेक व्हिडिओ एका वाक्यात उडी मारतात: "गरम हवा वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा येते." चुकीचं नाही, पण मधली एक गोष्ट गाळली जाते आणि तीच मला आवडते.

हवेचा दाब म्हणजे काय? तुमच्या डोक्यावर जितकी हवा आहे तिचं वजन. एका चौरस मीटरवर साधारण दहा टन. आता लालबागवरची हवा तुम्ही तापवली. ती फुगली, उंच झाली. पण वजन बदललं का? नाही. तेवढीच हवा आहे, फक्त उंच उभी आहे. मग खाली दाब कमी व्हायचं कारणच नाही!

गंमत वर घडते. समजा जमिनीवरचा पाच किलोमीटरचा थर समुद्रावरच्या थरापेक्षा तीन अंशांनी जास्त तापला. तो साधारण एक टक्क्याने फुगतो, म्हणजे पन्नास-पंचावन्न मीटरनी उंच होतो. आता पाच किलोमीटर उंचीवर उभं राहून आडवं बघा. जमिनीच्या बाजूला तुमच्या वर थोडी जास्त हवा आहे, समुद्राच्या बाजूला कमी. म्हणजे वर, जमिनीच्या बाजूला दाब जास्त. तिथली हवा समुद्राकडे सरकते. ती सरकली की मग जमिनीवरच्या खांबातलं वजन खरंच कमी होतं, आणि तेव्हा कुठे खाली दाब उतरतो. मग खालून समुद्राची हवा आत येते. वर जमिनीकडून समुद्राकडे, खाली समुद्राकडून जमिनीकडे, असा पट्टा फिरायला लागतो. गच्चीवर आपल्याला त्या पट्ट्याची फक्त खालची बाजू लागते.

म्हणून लक्षात ठेवायचं ते हे, की वाऱ्याला जमिनीचा पृष्ठभाग किती तापलाय यापेक्षा हवेचा अख्खा खांब किती तापलाय याची पर्वा असते. हे वाक्य पुढे लागणार आहे.

रोजच्या खाऱ्या वाऱ्यात हा पट्टा लहान असतो. उंची एखादा किलोमीटर, आत घुसतो काही दहा किलोमीटर, आणि सूर्य मावळला की खेळ संपतो. रात्री जमीन गार होते, पट्टा उलटा फिरतो, पहाटे शिवडीकडून वारा.

आता घड्याळ बदला. दिवस-रात्रीच्या ऐवजी उन्हाळा-हिवाळा. लालबाग आणि वरळीच्या समुद्राऐवजी एका बाजूला सगळा भारतीय उपखंड, तिबेटच्या पठारासकट, आणि दुसऱ्या बाजूला विषुववृत्ताच्याही पलीकडचा हिंदी महासागर. मार्चपासून सूर्य उत्तरेकडे सरकतो. एप्रिल-मेमध्ये विदर्भ, राजस्थान, सिंध भाजून निघतात आणि पाकिस्तान ते राजस्थान असा कमी दाबाचा एक पट्टा तयार होतो. त्याच वेळी दक्षिण गोलार्धात हिवाळा सुरू असतो. मॉरिशस आणि रियुनियन बेटांच्या दक्षिणेला समुद्रावर थंड, जड हवेचा मोठा ढीग असतो. त्याला मास्करीन हाय म्हणतात. (मॉरिशसमध्ये आजही मराठी घरं आहेत. आपल्या पावसाची हवा त्यांच्या आजूबाजूने निघते, हे मला उगाचच छान वाटतं.) जुलैत त्या ढिगाच्या मध्यावर दाब साधारण १,०२४ हेक्टोपास्कल, आणि वायव्य भारताच्या बाजूला साधारण ९९५. म्हणजे फरक तीस हेक्टोपास्कलच्या आसपास.

मग वारा मॉरिशसकडून सरळ राजस्थानकडे का जात नाही? कारण पृथ्वी फिरते. खारा वारा काही तासांत काम उरकतो, त्यामुळे पृथ्वीच्या फिरण्याचा त्याच्यावर फार परिणाम दिसत नाही. पण हा प्रवास कित्येक दिवसांचा. दक्षिण गोलार्धात वारा आपल्या डावीकडे वळतो, म्हणून तो आग्नेयेकडून येतो आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागतो. तिथे केनिया-इथिओपियाचे उंच डोंगर भिंतीसारखे उभे. हवा त्यांना चिकटून उत्तरेला सरकते, विषुववृत्त ओलांडते, आणि आता उत्तर गोलार्धात आल्यामुळे उजवीकडे वळायला लागते. सोमालियाच्या किनाऱ्याजवळून ती अरबी समुद्रावर येते आणि नैऋत्येकडून आपल्या अंगावर. आग्नेयेचा वारा नैऋत्येचा झाला तो असा.

हा झोत भलताच वेगवान असतो. जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर त्याचा जोर सगळ्यात जास्त. जे. फिंडलेटर या ब्रिटिश हवामानतज्ज्ञाने १९६९ मध्ये तो नीट मांडला, म्हणून त्याला फिंडलेटर जेट किंवा सोमाली जेट म्हणतात. विषुववृत्तापासून मुंबईपर्यंत त्या वळणाने अंतर चार हजार किलोमीटरच्या वर. ताशी ५५ किलोमीटरने धरलं तर तीन दिवसांपेक्षा थोडं जास्त. म्हणजे गुरुवारी गिरगावात तुमची छत्री उलटी करणारा वारा सोमवारी केनियाच्या बाजूला होता.

आणि या वाऱ्यापुढे आपला रोजचा मतलई वारा म्हणजे चिल्लर. पहाटे जमीन थोडी गार झाली काय आणि नाही काय, वरून आलेला हा लोंढा सगळं दाबून टाकतो. म्हणून आजीचा वारा त्या दिवशी परतत नाही.

इथपर्यंत मला वाटत होतं की झालं, समजलं. मग ऑफिसात जेवताना एका मित्राने विचारलं. तो नागपूरचा. म्हणाला, "जमीन तापल्यामुळे वारा येतो ना? मग आमच्याकडे सगळ्यात जास्त तापतं मेमध्ये. तेव्हा वारा सगळ्यात जोरात पाहिजे. पण मान्सून सगळ्यात जोरात जुलैत, आणि तेव्हा जमीन गार झालेली असते. तुझं गणित उलटं आहे."

मी गप्प. घरी जाऊन मुंबईचे आकडे बघितले. मे महिन्यात कमाल साधारण ३३-३४, किमान २७. जुलैत कमाल ३०, किमान २५. म्हणजे जुलैत मुंबईची सरासरी साडेसत्तावीसच्या आसपास. आणि समुद्राचं पाणी? तेही तेव्हा साधारण २८. जुलैमध्ये इथली जमीन समुद्रापेक्षा गरम नाहीच! गिरगाव चौपाटीवर जुलैत उभे राहा, वाळू आणि पाणी यांत पायाला फरक कळणार नाही. मग एवढा वारा चालतो कशावर?

ही शंका माझ्या मित्राची पहिली नाही. भारतीय हवामान खात्यात काम केलेले जॉर्ज सिम्पसन यांनी ती १९२१ मध्येच मांडली होती. त्यांचे मुद्दे तीन. एक, जमीन मेमध्ये जास्त गरम असते, जुलैत नाही. दोन, देशाचा सगळ्यात गरम भाग, म्हणजे वायव्येकडचा, तिथेच पाऊस पडत नाही. तीन, ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी जमीन जास्त तापलेली असते, चांगल्या पावसाच्या वर्षी कमी. नुसती तापलेली जमीनच कारण असती तर दुष्काळाच्या वर्षी मान्सून सगळ्यात जोरदार यायला हवा होता. पुण्यात जन्मलेल्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी हाच धागा पुढे नेला. डी. आर. सिक्का यांच्यासोबत १९८० मध्ये त्यांनी उपग्रहाच्या चित्रांवरून दाखवलं की भारतावरचा मान्सूनचा ढगांचा पट्टा हा विषुववृत्ताजवळ पृथ्वीभोवती असणाऱ्या ढगांच्या पट्ट्याचंच रूप आहे, उन्हाळ्यात उत्तरेला सरकलेलं. म्हणजे मान्सून हा नुसता मोठा खारा वारा नव्हे.

मग जुलैत उष्णता येते कुठून? ढगातून.

पाण्याची वाफ करायला उष्णता लागते हे आपल्याला माहितीये. घाम वाळला की गार वाटतं ते त्यामुळेच. ती उष्णता हरवत नाही, वाफेत दडून राहते. पुस्तकात तिला 'अप्रकट उष्मा' म्हणतात. ढगात वाफेचं पुन्हा पाणी होतं तेव्हा ती बाहेर येते, आणि थोडीथोडकी नाही. एक किलो पाण्यामागे २५ लाख ज्यूल.

आता पुन्हा लालबागच्या गच्चीवर या. जुलैतला एक बऱ्यापैकी जोरदार दिवस, १०० मिलिमीटर पाऊस. मुंबईला हे काही नवीन नाही. एका चौरस मीटरवर १०० लिटर पाणी पडलं, म्हणजे १०० किलो. त्या पाण्याने वर ढगात सोडलेली उष्णता २५ कोटी ज्यूल.

हा आकडा ओळखीचा वाटतोय? मघाशी उन्हाळ्याच्या अख्ख्या एका महिन्याची शिल्लक २६ कोटी ज्यूल होती. जमीन महिनाभर खपून हवेला जेवढी उष्णता देते, जवळजवळ तेवढी पाऊस एका दिवसात देतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तीन वेळा शून्यं मोजली होती.

आणि ती देतो कुठे, तर बरोबर जिथे हवी तिथे. जमिनीला चिकटलेल्या थरात नाही, तर वर पाच-आठ किलोमीटरवर, खांबाच्या मधोमध. मघाचं वाक्य आठवा: वाऱ्याला अख्ख्या खांबाची पर्वा असते. आता ही सगळी उष्णता हवा तापवण्यात जात नाही हेही खरं. वर चढणारी हवा फुगते आणि फुगताना गार होते, त्यात तिचा मोठा भाग खर्च होतो. पण उरतं तेवढं पुरतं. जुलैत खाली गच्ची ओली आणि गार असते, पण वर काही किलोमीटरवर उत्तर भारतावरची हवा विषुववृत्तावरच्या हवेपेक्षा गरम असते. पट्टा त्या उष्णतेवर फिरतो. जास्त पाऊस, वर जास्त उष्णता, खाली कमी दाब, जास्त वारा, जास्त बाष्प, पुन्हा पाऊस.

राजस्थानचं कोडंही इथेच सुटतं. तिथला कमी दाब हा उथळ असतो. खालचे दोन-तीन किलोमीटर भट्टीसारखे गरम, पण त्याच्या वर कोरडी हवा खाली उतरत असते, झाकणासारखी. खालची हवा झाकण फोडून उंच जाऊ शकत नाही, ढग उभा राहत नाही, वाफेतली उष्णता सुटत नाही. तव्याखाली आग आहे, पण तव्यात काही नाही.

मग शाळेतलं पुस्तक खोटं का? नाही, अर्धं आहे. मी याला बाईकची किक म्हणतो. मेमधली तापलेली जमीन ही किक. तिच्यामुळे पट्टा फिरायला लागतो आणि समुद्रावरची हवा आत खेचली जाते. पण एकदा इंजिन चालू झालं की ते किकवर चालत नाही, पेट्रोलवर चालतं. पेट्रोल म्हणजे बाष्प. आणि ते पेट्रोल येतं कुठून? त्याच आळशी समुद्रातून, जो महिनाभर ऊन खाऊन सव्वा अंशच तापला होता. एप्रिल-मेमध्ये त्याने जी उष्णता पोटात ठेवली, ती जून-जुलैत सोमाली जेट त्याच्या पाठीवरून वाहताना वाफेच्या रूपाने घेऊन जातो. म्हणून तर मेअखेर सर्वांत उबदार असलेला अरबी समुद्र जुलै-ऑगस्टपर्यंत गार होतो. जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातला फरक दोनदा कामाला येतो: एकदा जमीन लवकर तापते म्हणून, आणि एकदा समुद्र साठवून ठेवतो म्हणून.

माझ्या मित्राला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आमचं नागपूर फक्त किक मारायला." म्हटलं, हो, आणि तुमचे पाय भाजतात ते वेगळं.

किक आणि इंजिन वेगळे असल्यामुळेच मान्सूनची तारीख थर्मामीटर बघून सांगता येत नाही. मुंबईत तो यायची सरासरी तारीख ११ जून. २०२३ मध्ये तो थेट २५ जूनला आला, आणि त्याच दिवशी दिल्लीतही पोचला. दोन्ही शहरांत एकाच दिवशी, असं त्याआधी १९६१ मध्ये झालं होतं. जमीन तापायची राहिली होती असं काही नाही. आणि २०२५ मध्ये उलटं. २४ मे रोजी केरळात, २६ मे रोजी मुंबईत. सोळा दिवस आधी, आत्तापर्यंतच्या नोंदींमधलं सर्वांत लवकरचं आगमन. त्या वेळी कोकण किनाऱ्याजवळ अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं होतं, त्याने पश्चिमेचा वारा आणि ढग अंगावर ओढून घेतले. आजीच्या दोन किलो कुरडया अर्ध्या ओल्या राहिल्या आणि वास मारायला लागल्या. लालबाग-परळच्या गणपती कारखान्यांतही तेव्हा पश्चिमेकडच्या ताडपत्र्या घाईघाईने बांधल्या जात होत्या, कारण दमट हवेत मूर्ती लवकर वाळत नाही. पण मग बघा, त्यानंतर जूनच्या मध्यापर्यंत मान्सूनची उत्तरेकडची चाल थांबली. इंजिन लवकर सुरू झालं, पण मध्येच गुरगुरत उभं राहिलं.

हवामान खातंसुद्धा म्हणूनच नुसता पाऊस बघून "आला" म्हणत नाही. केरळसाठी त्यांचे नियम आहेत. ठरलेल्या १४ केंद्रांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस हवा. पण त्यासोबत पश्चिमेचा वारा जमिनीपासून चारेक किलोमीटर उंचीपर्यंत भरलेला हवा, खालच्या थरात त्याला ठरावीक वेग हवा, आणि उपग्रहाला ढगांचं छत दिसायला हवं. म्हणजे खांब बदलला का, हे ते तपासतात. मे महिन्यात संध्याकाळी गडगडाट करून पडणारा वळवाचा पाऊस या परीक्षेत नापास होतो. तो तासाभरात संपतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वारा पुन्हा शिवडीकडून.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर फोन पुरे. वाऱ्याचा नकाशा दाखवणारं कुठलंही ॲप उघडा आणि उंचीच्या यादीत `850hPa` निवडा. ती साधारण दीड किलोमीटरची उंची, सोमाली जेटचा मजला. एप्रिलमध्ये तिथे अरबी समुद्रावर वारा मंद आणि विस्कळीत दिसेल. मेच्या शेवटी सोमालियाजवळ एक जाड वळलेला पट्टा उमटायला लागतो आणि त्याचं टोक हळूहळू केरळकडे, मग कोकणाकडे येतं. पृष्ठभागाचा वारा बघून ठरवू नका. दादर-परळच्या टॉवरांमधून वारा कसाही फिरतो, आमच्या गॅलरीत तर कधी कधी जिन्याच्या बाजूने येतो. आणि एक चूक मी स्वतः दोन आठवडे करत होतो: `SW` लिहिलेलं असेल तर वारा नैऋत्येकडून येतोय, नैऋत्येला जात नाहीये. पण बाण मात्र बऱ्याच ॲपमध्ये वारा जातो त्या दिशेला दाखवतो. त्यामुळे अक्षरं एक सांगतात आणि बाण उलटं, असं वाटतं.

शेवटी एका श्रोत्याचा मेसेज. "ऑक्टोबरमध्ये पुन्हा एवढं उकडतं, मग तेव्हा दुसरा मान्सून का येत नाही?" चांगला प्रश्न. ऑक्टोबर हीट ही मुंबईपुरती खरी: ढग गेले, ऊन थेट पडतं, जमिनीत ओल आहे म्हणून घाम वाळत नाही. पण खांब बघा. सूर्य दक्षिणेला गेलेला असतो, उत्तर भारत आणि तिबेटवरची हवा गार व्हायला लागलेली असते, आणि ढगच नाहीत म्हणून वरची भट्टी विझलेली असते. खाली आपल्याला चटका बसतो, वर पट्टा थांबलेला असतो. मग हळूहळू तो उलटा फिरतो, आणि नोव्हेंबरात आजी पहाटे गॅलरीत उभी राहून म्हणते, "आला बघ शिवडीचा वारा."

पुढच्या भागात वळवाचा पाऊस आणि गारा. नागपूरकर मित्राला बोलावलंय, त्याच्याकडे गारांचे किस्से आहेत.